प्रकल्प नोंदी: एका मोटरचं लॉजिक आणि गाळलेलं पद

१ ऑगस्ट

डिजिटल टेक्निक्सच्या मायक्रो-प्रोजेक्टसाठी विषय पक्का झाला. माझ्या जोडीदाराचं घर नागपूरच्या महाल भागात आहे, जुनं, अंगणात विहीर असलेलं. नळाचं पाणी जमिनीतल्या टाकीत पडतं. वरची टाकी भरायला मोटर एकच आहे आणि ती पाणी कुठून ओढणार हे एका व्हॉल्व्हवर ठरतं. दांडा एका बाजूला केला की जमिनीतली टाकी, दुसऱ्या बाजूला केला की विहीर. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं, नळ येतो तेव्हाच येतो, आणि व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला राहिला की मोटर कोरडी फिरते. मोटर भरून देणाऱ्या मिस्त्रीने जोडीदाराच्या आजोबांना आणखी एक सांगितलंय, की मोटर वारंवार चालू-बंद झाली तरी वाइंडिंग तापतं. म्हणून दोन कामं ठरली. ज्या बाजूला व्हॉल्व्ह आहे तिथे पाणी असेल तरच मोटर चालू व्हावी, आणि ती किती वेळा चालू-बंद झाली ते मोजलं जावं.

मॅडमनी अट घातली की २३० व्होल्टला हात लावायचा नाही. सगळं ५ व्होल्टवर, ब्रेडबोर्डवर, मोटरच्या जागी हिरवा एलईडी. फ्लोट आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा स्विच यांच्या जागी साधे स्लाइड स्विच.

४ ऑगस्ट

समीकरणाला हात घालण्याआधी ट्रुथ टेबल पूर्ण लिहा, असा मॅडमचा आग्रह आहे आणि तो मला पटतो. टेबल लिहिताना प्रत्येक ओळीला एक खरा प्रसंग जोडावा लागतो. "टाकीत पाणी नाही, विहिरीत आहे, पण व्हॉल्व्ह टाकीकडे आहे" अशी ओळ समोर आली की उत्तर आपोआप सुचतं. थेट समीकरण लिहायला बसलं तर असा प्रसंग नजरेतून सुटतो.

चार इनपुट: `H` म्हणजे वरची टाकी भरायला हवी, `A` म्हणजे जमिनीतल्या टाकीत पाणी आहे, `B` म्हणजे विहिरीत पाणी आहे, `S` म्हणजे व्हॉल्व्ह (1 = टाकीकडे, 0 = विहिरीकडे). चार इनपुटांच्या सोळा ओळी होतात, पण `H` 0 असेल तर बाकी काहीही असलं तरी मोटर बंदच, त्यामुळे निम्म्या ओळींत विचार करण्यासारखं काही नाही. `H` बाजूला ठेवून आठ ओळींचं टेबल केलं. `X` म्हणजे "निवडलेल्या बाजूला पाणी आहे".

```
A B S | X
0 0 0 | 0
0 0 1 | 0
0 1 0 | 1
0 1 1 | 0
1 0 0 | 0
1 0 1 | 1
1 1 0 | 1
1 1 1 | 1
```

शेवटी `Y = H·X`. `Y` वर हिरवा एलईडी.

६ ऑगस्ट

ज्या ओळींत `X` 1 आहे त्या चार ओळींची पदं लिहून बेरीज केली. मग ज्या दोन पदांत एकाच अक्षराचा फरक आहे त्यांच्या जोड्या लावल्या.

```
X = A'BS' + AB'S + ABS' + ABS
  = BS'(A' + A) + AS(B' + B)
  = BS' + AS
```

`A' + A = 1` हा एकच नियम दोनदा वापरला. आमच्या वर्गात बरेच जण या पायरीवर अक्षरं "कापतात", जसं काही दोन्हीकडून एकच संख्या वजा करतोय. बूलियन बीजगणितात वजाबाकी नाही. अक्षर जातं ते त्याचं आणि त्याच्या पूरकाचं मिळून 1 होतं म्हणून, आणि तेही बाकीचं पद दोन्हीकडे हुबेहूब सारखं असेल तरच.

उत्तर वाचून पाहिलं तर ते बोलीभाषेतलं वाक्यच आहे: व्हॉल्व्ह विहिरीकडे आणि विहिरीत पाणी, किंवा व्हॉल्व्ह टाकीकडे आणि टाकीत पाणी. हाच दोन इनपुटांचा मल्टिप्लेक्सर आहे, `S` ही त्याची निवडतार.

आधीच्या लांब रूपाला दोन इनपुटांचे आठ अँड गेट लागले असते, `H` धरून नऊ. 7408 मध्ये चार अँड असतात, म्हणजे तीन आयसी त्यांच्याच. वर ऑरसाठी एक 7432, नॉटसाठी एक 7404. आता अँड तीनच लागतात: `A·S`, `B·S'` आणि शेवटचा `H` बरोबरचा. एक 7408, एक 7432, एक 7404 एवढ्यात काम होतं. 7408 मधला एक अँड रिकामाही राहतो.

८ ऑगस्ट

लाल एलईडीची मागणी आजोबांकडून आली. निवडलेल्या बाजूला पाणी नसेल तर लाल दिवा हवा, वरची टाकी भरलेली असो वा नसो. म्हणजे `X'` हवं. सर्किटमध्ये `X` ला एक नॉट लावला की झालं, 7404 मध्ये सहा नॉट आहेत. तरी कागदावर समीकरण काढून पाहिलं, कारण असा प्रश्न परीक्षेत येतोच.

```
X' = (AS + BS')'
   = (A' + S')(B' + S)
   = A'B' + A'S + B'S' + S'S
   = A'B' + A'S + B'S'
```

`S'S` शून्य, ते गेलं. उरलेल्या तीन पदांपैकी `A'B'` वर आमचा वाद झाला. जोडीदार म्हणाला, "हे पद ठेवायलाच हवं ना रे, दोन्हीकडे कोरडं असेल तर लाल दिवा लागायलाच पाहिजे." मी म्हटलं, दोन्हीकडे कोरडं असलं तरी व्हॉल्व्ह कुठल्या तरी एका बाजूला असणारच, आणि त्या बाजूचं पद दिवा लावेलच. वाद टेबलने मिटवला. `A'B'` फक्त पहिल्या दोन ओळींत 1 होतं. `000` मध्ये `B'S'` आधीच 1 आहे आणि `001` मध्ये `A'S` आधीच 1 आहे. म्हणजे `A'B'` ने एकही नवी ओळ व्यापली नाही, ते गाळता येतं.

मॅडमनी सांगितलं की याला कॉन्सेन्सस प्रमेय म्हणतात. एका पदात `S`, दुसऱ्यात `S'`, तर दोघांतल्या उरलेल्या अक्षरांचा गुणाकार हे तिसरं पद उत्तर बदलत नाही. मूळ `X` मध्येही असं पद दडलेलं आहे, `AB`. `AS + BS' + AB` आणि `AS + BS'` यांचं ट्रुथ टेबल एकच. आम्ही ते लिहिलं नव्हतंच, म्हणून गाळायचा प्रश्न आला नाही.

१२ ऑगस्ट

बर्डीवरून सामान आणलं. 74LS04, 74LS08, 74LS32, मोजणीसाठी 74LS93, एक 74LS00 जास्तीचा, स्विच, १० किलोओहमचे रेझिस्टर, एलईडीसाठी ३३० ओहमचे, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, 7805.

जोडणीबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवतो, कारण शेजारच्या टेबलावरचे गट यातच अडकले होते. टीटीएल आयसीचा इनपुट मोकळा सोडला तर तो 1 असल्यासारखा वागतो. म्हणून स्विच ग्राउंडकडे जोडायचा आणि रेझिस्टर ५ व्होल्टकडे. स्विच उघडा म्हणजे 1, मिटलेला म्हणजे 0. दुसरं म्हणजे 7493 चे पॉवरचे पाय नेहमीच्या कोपऱ्यांत नाहीत. ५ व्होल्ट पाय ५ वर आणि ग्राउंड पाय १० वर जातं. त्याचे रीसेटचे पाय २ आणि ३ दोन्ही मोकळे ठेवले तर तो दोघांनाही 1 समजतो आणि कायम शून्यावर बसून राहतो. निदान एक तरी ग्राउंडला हवा. चार बिटांची मोजणी हवी तर पाय १२ वरून पाय १ ला तार न्यावी लागते.

`Y` ची तार 7493 च्या पाय १४ ला दिली. हा काउंटर 1 वरून 0 ला उतरणाऱ्या कडेवर मोजतो, म्हणजे मोटर बंद झाली की आकडा वाढतो. चालू होणं आणि बंद होणं जोडीनेच होत असल्यामुळे मोजणीला फरक पडत नाही.

`H` धरून सोळाही ओळी स्विच फिरवून तपासल्या. हिरवा आणि लाल दोन्ही दिवे टेबलाप्रमाणे.

१४ ऑगस्ट

दिवे बरोबर आहेत पण आकडा चुकतोय. `H`, `A`, `B` तिन्ही 1 ठेवले. दोन्हीकडे पाणी आहे, वरची टाकी रिकामी आहे, मोटर चालू. आता फक्त व्हॉल्व्हचा स्विच इकडून तिकडे केला. हिरवा दिवा डोळ्याला जराही लुकलुकला नाही, पण काउंटरचा आकडा मध्येच पुढे सरकला. प्रत्येक वेळी नाही, कधीकधीच.

पोळ्याच्या सुट्ट्या लागतील, त्याआधी कारण सापडायला हवं.

१८ ऑगस्ट

पहिला संशय स्विचच्या थरथरण्यावर होता. स्विचची पत्ती बसताना काही मिलिसेकंद उसळते आणि एका हालचालीत अनेक 0-1 होतात, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण टेबलासमोर बसल्यावर हा संशय टिकत नाही. `A` आणि `B` दोन्ही 1 असताना `S` चं मूल्य 0 असो की 1, ओळ `110` असो की `111`, `X` 1 च आहे. `S` कितीही वेळा उसळला तरी `X` ने खाली यायला नको. मग काउंटरला उतरणारी कड दिसली कुठून?

उत्तर टेबलात नाही. टेबल प्रत्येक ओळीतलं स्थिरावलेलं उत्तर सांगतं, एका ओळीतून दुसरीत जाताना मध्ये काय होतं ते सांगत नाही. `S` 1 वरून 0 झाला की `A·S` लगेच खाली येतं. `B·S'` ला मात्र वर यायला आधी `S'` तयार व्हावं लागतं, आणि ते नॉट गेटमधून येतं. 74LS04 ला त्यासाठी साधारण १० नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ `A·S` सुटलेलं आणि `B·S'` अजून धरलेलं नाही, दोन्ही 0, म्हणून ऑरचा आउटपुटही 0. मोटर चालू ठेवण्याची जबाबदारी एका पदाकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर कुणाकडेच नसते. याला स्थिर-1 हॅझर्ड म्हणतात.

दिव्याला आणि डोळ्याला हे दिसणं शक्य नाही. रिलेलाही नाही, त्याला हलायला मिलिसेकंद लागतात. काउंटरला मात्र दिसतं, आणि तेही नेहमी नाही, कारण 74LS93 ला नीट मोजायला निदान १५ नॅनोसेकंदांची पल्स हवी असते. आमची पल्स त्याहून अरुंद आहे. म्हणून कधी मोजली जाते, कधी नाही.

हे खरं असेल तर दोन गोष्टी घडायला हव्यात. नॉटचा उशीर वाढवला की चूक वाढली पाहिजे. आणि ती एकाच दिशेने झाली पाहिजे. `S` 0 वरून 1 होतो तेव्हा `A·S` ताबडतोब वर येतं आणि `B·S'` उशिरा सुटतं, म्हणजे क्षणभर दोन्ही पदं 1 असतात आणि खड्डा पडत नाही.

२० ऑगस्ट

दोन्ही तपासलं. 7404 मधले आणखी दोन नॉट `S'` च्या वाटेत ओळीने घातले. तीन नॉट म्हणजे लॉजिक तेच, उशीर तिप्पट. आता व्हॉल्व्हचा स्विच हलवला की आकडा जवळजवळ दरवेळी उडू लागला, कधी एकाने, कधी तीन-चारने, आणि दोन्ही दिशांनी. इथे स्विचच्या थरथरण्याचा वाटा आहे. वर जाताना पत्ती उसळली की त्यात खाली येणाऱ्या कडाही असतात, आणि प्रत्येक कड एक खड्डा पाडते.

मग 74LS00 च्या दोन नँडचा लॅच करून `S` स्वच्छ केला. स्विचचा मधला पाय ग्राउंडला, दोन बाजूंचे पाय लॅचच्या दोन इनपुटांना, दोन्हींना १० किलोओहमने ५ व्होल्ट. पत्ती एकदा टेकली की लॅच पलटतो, नंतरच्या उसळीने हलत नाही. यानंतर चित्र अगदी स्वच्छ झालं. टाकीकडून विहिरीकडे स्विच केला की आकडा बरोबर एकने वाढतो. विहिरीकडून टाकीकडे केला की जागचा हलत नाही. थरथर गेली, चूक राहिली.

२१ ऑगस्ट

लॅबमधल्या काकांनी २० मेगाहर्ट्झचा सीआरओ दिला. एकदाच येणारी पल्स त्यावर टिपता येत नाही, म्हणून स्विचऐवजी फंक्शन जनरेटरचा टीटीएल आउटपुट `S` ला दिला, १०० किलोहर्ट्झ. आता खड्डा सेकंदाला लाख वेळा पडतो आणि पडद्यावर स्थिर दिसतो.

`X` ची रेघ वर सपाट, आणि `S` च्या प्रत्येक उतरत्या कडेखाली एक बारीक, फिकट खाच. ती शून्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. त्याचं कारण सीआरओच आहे, २० मेगाहर्ट्झच्या सीआरओला स्वतःलाच वर-खाली जायला साडेसतरा नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे एवढी अरुंद खाच तो बोथट करून दाखवतो. खाच ओळखायची ती जागेवरून. चढत्या कडेपाशी काहीच नाही, उतरत्या कडेपाशी नेमकी ती.

दोन नॉट काढून एकच ठेवला तर खाच इतकी उथळ होते की आधी माहीत नसेल तर लक्षात येणार नाही.

सुट्ट्या लागल्या.

२६ ऑगस्ट

उपाय हातात आधीपासून होता, `AB`. प्रमेय म्हणतं ते जास्तीचं आहे, आणि टेबलापुरतं ते खरंच आहे. पण खड्डा पडतो तो `A = B = 1` असताना, आणि नेमक्या त्याच वेळी `AB` हे पद 1 असतं. त्यात `S` नाही, त्यामुळे `S` बदलताना ते हलत नाही. दोन पदांची अदलाबदल होते त्या वेळात आउटपुट ते धरून ठेवतं.

```
X = AS + BS' + AB
Y = H·X
```

कार्नो मॅपवर हे पटकन दिसतं.

```
      BS
       00  01  11  10
A=0     0   0   0   1
A=1     0   1   1   1
```

`AS` ही खालच्या ओळीतली मधली जोडी, `BS'` हा शेवटचा उभा स्तंभ. खालच्या ओळीतले `11` आणि `10` हे दोन 1 शेजारी आहेत पण वेगवेगळ्या गटांत. `S` बदलला की आपण एका गटातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरतो, आणि मध्ये पूल नाही. `AB` म्हणजे नेमकी त्या दोघांची जोडी. मॉरिस कार्नो यांनी हा मॅप १९५३ मध्ये मांडला. आपण तो कमीत कमी गट शोधायलाच वापरतो, पण शेजारी असून एका गटात नसलेले 1 शोधायलाही तो तेवढाच चालतो. मला तर हा उपयोग जास्त आवडला.

खर्च किती? 7408 मधला चौथा अँड रिकामाच होता, तो `A·B` ला दिला. 7432 मध्येही ऑर शिल्लक होते. नवा आयसी एकही नाही, चार-पाच तारा फक्त.

तिन्ही नॉट वाटेत तसेच ठेवून तपासलं, म्हणजे परिस्थिती मुद्दाम वाईटच ठेवली. सीआरओवरची खाच गेली. स्विचने दोन्ही दिशांनी फिरवलं, आकडा जागचा हलला नाही. मग `AB` ची तार उपटली, आकडा पुन्हा वाढू लागला. परत लावली, थांबला. त्यानंतरच दोन जास्तीचे नॉट काढले.

२८ ऑगस्ट

मॅडमनी तोंडी परीक्षेसारखे प्रश्न विचारले. "मग प्रत्येक सर्किटमध्ये अशी जास्तीची पदं घालायची का?" जोडीदाराने उत्तर दिलं, आणि मला ते नेमकं वाटलं: आउटपुटवर फक्त दिवा किंवा रिले असेल तर गरज नाही, कमीत कमी गेटचं रूपच घ्यावं. आउटपुट काउंटरच्या, फ्लिप-फ्लॉपच्या क्लॉकला किंवा रीसेटला जात असेल तर मॅपवर शेजारचे 1 तपासायचे. मॅडमनी त्यात भर घातली की क्लॉकवर चालणाऱ्या सर्किटमध्ये क्लॉकची कड येईपर्यंत आउटपुट स्थिरावू देतात, तिथे मधल्या खड्ड्याने काही बिघडत नाही. आमच्याकडे तसं क्लॉक नाही, `Y` स्वतःच क्लॉक झाला आहे.

"एका वेळी दोन इनपुट बदलले तर?" हा दुसरा प्रश्न. तिथे `AB` ची हमी नाही. समजा `B` 1 आहे, `A` 0 आहे, व्हॉल्व्ह विहिरीकडे, ओळ `010`. व्हॉल्व्ह टाकीकडे वळतो त्याच क्षणी टाकीत पाणी येतं, म्हणजे `111` ला जायचं. `S` आधी पोचला तर वाटेत `011` लागते आणि तिथे टेबलच 0 म्हणतं. तो 0 गेटच्या उशिरामुळे आलेला नसून फलनाच्या व्याख्येतच आहे, आणि कुठलंही जास्तीचं पद तो बुजवू शकत नाही. बुजवलं तर मोटर कोरडी चालेल.

३० ऑगस्ट

अहवालासाठी सर्किटची आकृती काढली. `AB` च्या गेटशेजारी टीप लिहिली: "लॉजिकसाठी नाही, हॅझर्डसाठी. काढू नये." पुढच्या वर्षी कुणी हा बोर्ड हाती घेऊन समीकरण सोपं करायला बसलं तर हे गेट सगळ्यात आधी उडवलं जाईल.

एक काम बाकी आहे. नळ चालू असताना जमिनीतल्या टाकीत लाटा उठतात आणि फ्लोट काठावर असेल तर `A` खरोखरच 0-1-0-1 होतो. व्हॉल्व्ह टाकीकडे असेल तर `X` ने त्याच्यामागे नाचणं टेबलाप्रमाणे बरोबरच आहे, पण मोटरसाठी वाईट. त्याला एकाऐवजी दोन फ्लोट लागतील, एक खाली, एक जरा वर, आणि मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती लक्षात ठेवणारा लॅच. 74LS00 मधले दोन नँड अजून मोकळे आहेत, त्यांत तो बसतो. खालचा फ्लोट कोरडा झाला की `A` 0, वरचा बुडाला की 1. पहिलं टेबल उद्या लिहायचं, त्यात "वरचा बुडालेला आणि खालचा कोरडा" या अशक्य ओळीचं काय करायचं ते आधी ठरवून. ती ओळ प्रत्यक्षात आली तर त्याचा अर्थ एक फ्लोट अडकलाय, आणि तेव्हा मोटर बंदच राहावी असं आजोबांचं म्हणणं आहे.